सूत्राला वाचा फोडणारी पाने

पनवेलच्या कोणत्याही विज्ञान महाविद्यालयातले भौतिकशास्त्राचे जर्नल उघडले, तर रचना ओळखीची दिसते. उद्देश, साहित्य, सिद्धांत, आकृती, कृती, निरीक्षण तक्ता, गणन आणि निष्कर्ष. यातल्या ‘सिद्धांत’ या मथळ्याखाली बहुधा तीनच ओळी असतात. एक सूत्र, त्याखाली ‘येथे’ हा शब्द, आणि मग अक्षरांची यादी: ‘n = वेढे, a = त्रिज्या, H = पृथ्वीचे क्षेत्र’. तोंडी परीक्षेत परीक्षक विचारतात, ‘कशाची त्रिज्या?’, ‘कोणत्या दिशेचे क्षेत्र?’ आणि विद्यार्थी गप्प होतो. खरे तर या प्रश्नांची उत्तरे त्या पानावरच असायला हवी होती.

सिद्धांताचा भाग लिहायचा कसा, हे एका प्रयोगाच्या आधाराने पाहू. प्रयोग आहे टॅन्जंट गॅल्व्हानोमीटरचा, आणि उद्देश आहे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक शोधण्याचा. पनवेलकरांसाठी हा प्रयोग निवडण्याला कारण आहे. भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे मुख्यालय नवीन पनवेलला कळंबोलीजवळ आहे, आणि या संस्थेची अलिबागची वेधशाळा याच रायगड जिल्ह्यात विसाव्या शतकाच्या आरंभापासून हेच क्षेत्र मोजत आली आहे. तिथे क्षितिजसमांतर घटक ३८,००० नॅनोटेस्लाच्या आसपास, म्हणजे सुमारे ३८ मायक्रोटेस्ला भरतो. त्यामुळे आपले उत्तर कशाशी ताडून पाहायचे, हा प्रश्न उरत नाही.

उपकरण आणि दोन सूत्रे

टॅन्जंट गॅल्व्हानोमीटर म्हणजे उभ्या चौकटीवर गुंडाळलेले तांब्याच्या तारेचे गोल वेटोळे. त्याच्या केंद्राशी एका डबीत छोटी चुंबकसूची टोकदार खिळीवर क्षितिजसमांतर फिरते. सूचीला काटकोनात एक लांब अ‍ॅल्युमिनियमचा काटा जोडलेला असतो आणि तो अंशांच्या वर्तुळाकार मापपट्टीवर सरकतो. बॅटरी, ऱ्हिओस्टॅट, अ‍ॅमीटर आणि धारेची दिशा उलटवणारा कम्युटेटर जोडला की मांडणी पूर्ण होते.

सिद्धांतात दोन सूत्रे लागतात.

B_c = μ₀ n I / (2a)

B_c = B_H tan θ

अनेक जर्नलांत ही दोन्ही सूत्रे आधीच एकत्र करून एकच शेवटचे सूत्र लिहिलेले असते. पहिली गफलत तिथेच होते, कारण ही दोन सूत्रे दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. पहिले सांगते की धारा वाहिली की वेटोळ्याच्या केंद्राशी किती क्षेत्र तयार होते. दुसरे सांगते की ते क्षेत्र आणि पृथ्वीचे क्षेत्र या दोघांच्या ओढाताणीत सूची कुठे थांबते. पहिल्यात पृथ्वीचा संबंध नाही आणि दुसऱ्यात वेटोळ्याच्या आकाराचा. प्रयोग चुकला तर चूक यांपैकी कोणत्या टप्प्यावर झाली हे शोधायचे असते, म्हणून ती वेगळी लिहावीत आणि प्रत्येकाला स्वतःचा परिच्छेद द्यावा.

सूत्र शब्दांत सांगणे म्हणजे काय

‘B_c बरोबर म्यू-नॉट एन आय भागिले दोन ए’ असे लिहिले तर सूत्र फक्त मोठ्याने वाचले गेले. त्यात स्पष्टीकरण काहीच आले नाही. शब्दांत सांगायचे ते असे: केंद्राशी निर्माण होणारे क्षेत्र धारेच्या आणि वेढ्यांच्या संख्येच्या सम प्रमाणात वाढते आणि वेटोळ्याच्या त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात कमी होते. हे वाचणाऱ्याला आकडे न घालताही कळते की धारा दुप्पट केली तर क्षेत्र दुप्पट होईल आणि त्रिज्या दुप्पट केली तर ते निम्मे होईल.

यापुढे एक पाऊल टाकले तर सिद्धांत खरोखर समजावून सांगितला जातो. तारेच्या छोट्या तुकड्याचे क्षेत्र अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते, हे बायो–सावार नियमाने विद्यार्थ्याला माहीत असते. मग इथे त्रिज्येचा वर्ग का नाही? कारण त्रिज्या वाढली की प्रत्येक तुकडा केंद्रापासून दूर जातो खरा, पण त्याच प्रमाणात तारेची लांबी, म्हणजे परीघ 2πa, वाढतो. तुकडे सगळे केंद्रापासून सारख्याच अंतरावर असतात आणि सगळ्यांचे क्षेत्र केंद्राशी एकाच दिशेने, वेटोळ्याच्या पातळीला लंब असते. म्हणून नुसती बेरीज करायची. एका वेढ्यासाठी μ₀I/(4πa²) ला 2πa ने गुणले की μ₀I/(2a) उरते, आणि n वेढ्यांसाठी त्याच्या n पट. खालचा 2 आणि a वरचा नाहीसा झालेला वर्ग कुठून आला, हे दोन वाक्यांत सांगता येते. ती दोन वाक्ये लिहिली की सूत्र पाठ करावे लागत नाही.

दुसऱ्या सूत्रासाठी शब्दांतले चित्र असे. वेटोळे चुंबकीय याम्योत्तरात, म्हणजे धारा नसताना सूची ज्या दिशेला स्थिरावते त्या उभ्या पातळीत, ठेवलेले आहे. पृथ्वीचा क्षितिजसमांतर घटक सूचीला याच पातळीत धरून ठेवू पाहतो. वेटोळ्याचे क्षेत्र या पातळीला काटकोनात असते आणि सूचीला बाहेर वळवू पाहते. सूची दोन्ही क्षेत्रांच्या एकत्रित दिशेला थांबते. क्षेत्रे एकमेकांना काटकोनात असल्यामुळे त्यांचे गुणोत्तर म्हणजेच विचलन कोनाचा टॅन्जंट.

इथे एक गोष्ट आवर्जून लिहावी. सूचीचा चुंबकीय आघूर्ण M धरला, तर तिला वळवणारे बलयुग्म M B_c cos θ आणि परत आणणारे M B_H sin θ. दोन्ही समान ठेवली की M दोन्हीकडून निघून जातो. याचा अर्थ, सूची जुनी होऊन तिचे चुंबकत्व थोडे कमी झाले तरी उत्तर बदलत नाही. ती फक्त खिळीच्या घर्षणावर मात करण्याइतकी सशक्त हवी. सूत्रात नसलेले अक्षरही असे काहीतरी सांगत असते, आणि ते सांगण्याची जागा सिद्धांताचीच.

चिन्हाची व्याख्या: चार प्रश्न

प्रत्येक चिन्हापुढे एक शब्द लिहिला म्हणजे व्याख्या झाली, अशी समजूत असते. प्रत्यक्षात चार प्रश्नांची उत्तरे लागतात: ही राशी कशाची आहे, ती कुठे किंवा कुठून मोजायची, तिचे एकक कोणते, आणि या प्रयोगात ती मोजलेली आहे, आधीच ज्ञात आहे की शोधायची आहे?

a घ्या. ‘त्रिज्या’ एवढे लिहिले तर पहिलाच प्रश्न सुटत नाही. तारेची त्रिज्या की वेटोळ्याची? व्याख्या हवी ती अशी: ‘a ही वेटोळ्याची सरासरी त्रिज्या, केंद्रापासून तारेच्या थरांच्या मध्यापर्यंत, मीटरमध्ये, वेटोळ्याभोवती दोरा गुंडाळून मोजलेल्या परिघावरून काढलेली.’ आता चूक करायला जागा राहत नाही. घाईत मोजपट्टीने व्यास मोजून तोच a म्हणून घातला, तर B_H बरोबर निम्मे, म्हणजे ३८ ऐवजी १९ मायक्रोटेस्ला येते. उत्तर अपेक्षेच्या नेमके निम्मे आले, तर सर्वांत आधी a कडेच पाहावे.

θ चेही तसेच. ‘θ = कोन’ याला अर्थ नाही, कारण कोन नेहमी दोन दिशांमधला असतो. ‘θ हा धारा वाहत असताना सूचीने चुंबकीय याम्योत्तराशी केलेला कोन, अंशांत.’ काटा सूचीला काटकोनात असल्याने तो मापपट्टीवर सूचीइतकाच वळतो, हेही एका वाक्यात सांगावे. नाहीतर वाचणाऱ्याला काट्याची दिशा म्हणजेच सूचीची दिशा वाटते.

n म्हणजे वेटोळ्याचे जेवढे वेढे परिपथात जोडले आहेत तेवढेच. अशा उपकरणावर साधारणपणे २, ५० आणि ५०० वेढ्यांची वेगवेगळी टोके दिलेली असतात. उपकरणावर छापलेली सगळ्यात मोठी संख्या आणि आपण जोडलेली संख्या यांत गल्लत होते, म्हणून ‘परिपथात जोडलेले’ हे शब्द हवेतच. I ही वेटोळ्यातून वाहणारी धारा, अ‍ॅम्पिअरमध्ये, अ‍ॅमीटरने मोजलेली. μ₀ ही निर्वाताची पर्मिएबिलिटी, ज्ञात स्थिरांक, 4π × 10⁻⁷ टेस्ला मीटर प्रति अ‍ॅम्पिअर. आणि B_H ही शोधायची राशी.

एका अक्षराचे तीन अर्थ

व्याख्या न लिहिण्याचा सर्वांत मोठा फटका H या अक्षराने बसतो. जुन्या पुस्तकांत हे सूत्र असे छापलेले सापडते.

i = (10 r H / 2πn) tan θ

यातील r सेंटिमीटरमध्ये असतो आणि H ओर्स्टेडमध्ये. वरचा 10 हा जुन्या एककातील धारेचे अ‍ॅम्पिअरमध्ये रूपांतर करण्यासाठी आलेला आहे. दुसरीकडे, आजच्या भौतिकशास्त्रात H म्हणजे अ‍ॅम्पिअर प्रति मीटरमध्ये मोजली जाणारी चुंबकीय क्षेत्राची तीव्रता. आणि भूचुंबकत्वाच्या नोंदींमध्ये, म्हणजे अलिबागसारख्या वेधशाळेच्या तक्त्यांत, H म्हणजे क्षितिजसमांतर घटक, नॅनोटेस्लामध्ये.

रायगडातले तेच क्षेत्र या तीन रिवाजांत ०.३८ ओर्स्टेड, सुमारे ३० अ‍ॅम्पिअर प्रति मीटर आणि ३८,००० नॅनोटेस्ला असे लिहिले जाते. तिन्ही बरोबर आहेत. घोटाळा होतो तो एका पुस्तकातले सूत्र आणि दुसरीकडचा आकडा एकत्र आणल्यावर. समजा वेढे ५०, त्रिज्या ८ सेंटिमीटर आणि विचलन ४५ अंश आहे. नव्या सूत्रात B_H साठी ३८ मायक्रोटेस्ला घातले की धारा ०.०९७ अ‍ॅम्पिअर येते. जुन्या सूत्रात r = 8 आणि H = 0.38 घातले तरी तेच उत्तर. पण नव्या सूत्रात ०.३८ टेस्ला समजून घातले तर धारा ९७० अ‍ॅम्पिअरच्या आसपास येते आणि प्रयोगशाळेतली तार तेवढी धारा क्षणभरही सहन करणार नाही. म्हणून जर्नलमध्ये नुसता H न लिहिता B_H लिहावे, एकक टेस्ला असे स्पष्ट नोंदवावे आणि सूत्र कोणत्या एककपद्धतीत आहे ते एकदा सांगावे. एकाच अहवालात एका अक्षराचे दोन अर्थ होऊ देऊ नयेत. सूचीच्या आघूर्णाला M वापरले तर आलेखाच्या चढाला m टाळून s लिहावे, हे पथ्यही त्यातलेच.

सूत्र कुठवर खरे

सिद्धांतात गृहीतके लिहायची ती नुसती यादी म्हणून नव्हे. प्रत्येक गृहीतकाबरोबर ते मोडले तर काय दिसेल, हेही लिहायचे. या प्रयोगात तीन पुरेत.

पहिले: सूची वेटोळ्याच्या त्रिज्येच्या मानाने लहान आहे. पहिले सूत्र केवळ केंद्रबिंदूपुरते खरे आहे. सूची लांब असेल तर तिची टोके अशा जागी पोहोचतात जिथे क्षेत्र केंद्रासारखे नसते. सूची लहान आणि काटा लांब का असतो, याचे कारण हेच.

दुसरे: वेटोळ्याची पातळी याम्योत्तरात आहे. ती थोडी तिरपी राहिली, तर एका दिशेच्या धारेने विचलन जास्त आणि उलट दिशेने कमी दिसते. दोन्ही वाचनांची सरासरी घेतली की ही चूक बरीचशी कटते. शिवाय काट्याची दोन्ही टोके वाचली की खिळी मापपट्टीच्या नेमक्या केंद्रावर नसल्याची चूकही जाते. कृतीत चार वाचनांची सरासरी घ्यायला सांगतात, त्यामागचा सिद्धांत हा.

तिसरे गृहीतक सर्वांत फसवे: पृथ्वीशिवाय दुसरे कोणतेही क्षेत्र तिथे नाही. याची किंमत किती, हे आपल्याच भागाच्या इतिहासात नोंदलेले आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय नोंदी होत होत्या. शहरात विजेच्या ट्राम येणार हे स्पष्ट झाले, तेव्हा त्यांच्या धारेने नोंदी बिघडतील हे ओळखून संचालक नानाभाई मूस यांच्या काळात हे काम अलिबागला हलवले गेले. १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी सोबत नोंदी घेतल्या गेल्या, म्हणजे जुनी मालिका नव्या मालिकेशी जोडता आली.

आपल्या प्रयोगशाळेत लोखंडी पायांचे टेबल असते, स्लॅबमध्ये सळया असतात. अशा लोखंडामुळे सूचीजवळचे क्षेत्र बदलते आणि आपण मोजतो ते पृथ्वी आणि टेबल यांचे मिळून बनलेले क्षेत्र. म्हणून B_H ची व्याख्या लिहिताना ‘उपकरणाच्या जागी’ हे दोन शब्द घालावेत.

सिद्धांताने पुढचे सांगावे

चांगला सिद्धांत निरीक्षणाआधीच दोन गोष्टी सांगतो: आलेख कसा दिसेल आणि वाचन कुठे घ्यावे. दोन्ही सूत्रे एकत्र केली की

tan θ = (μ₀ n / 2a B_H) I

म्हणजे I च्या विरुद्ध tan θ काढला तर आरंभबिंदूतून जाणारी सरळ रेषा मिळायला हवी. तिचा चढ s असेल, तर B_H = μ₀ n / (2 a s). ५० वेढे आणि ८ सेंटिमीटर त्रिज्येच्या वेटोळ्यासाठी, ३८ मायक्रोटेस्ला धरल्यास, चढ सुमारे १०.३ प्रति अ‍ॅम्पिअर अपेक्षित आहे. ०.१० अ‍ॅम्पिअरला सूची सुमारे ४६ अंश वळेल.

रेषा मोठ्या कोनांना वाकू लागली तर पहिल्या गृहीतकावर संशय घ्यावा. पण रेषा अगदी सरळ आली, तरी B_H पृथ्वीचाच आहे असे सिद्ध होत नाही. टेबलाच्या लोखंडाने स्थिर क्षेत्राची भर घातली आणि वेटोळे त्या बदललेल्या दिशेलाच जुळवले असेल, तर रेषा सरळच राहते, फक्त चढ बदलतो. ही चूक आलेखात दिसत नाही. उपकरण लाकडी टेबलावर किंवा खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात नेऊन पुन्हा वाचन घेतले, आणि चढ वेगळा आला, तरच ती सापडते.

वाचन कुठे घ्यावे याचेही उत्तर सूत्रात आहे. कोन वाचण्यात dθ इतकी चूक झाली तर tan θ मधली सापेक्ष चूक 2dθ / sin 2θ इतकी येते, dθ रेडियनमध्ये. ४५ अंशांना ही सर्वांत कमी असते: एका अंशाच्या चुकीने साडेतीन टक्के. ७५ अंशांना तीच चूक सात टक्के होते. म्हणून ३० ते ६० अंशांमध्ये वाचने घ्यावीत, असे सिद्धांतातच लिहून ठेवावे.

असा लिहावा

यातला मुख्य भाग जर्नलच्या एका पानात बसतो. उदाहरणादाखल:

‘या अहवालात एसआय एकके वापरली आहेत. a मीटर सरासरी त्रिज्येच्या आणि परिपथात जोडलेल्या n वेढ्यांच्या वेटोळ्यातून I अ‍ॅम्पिअर धारा वाहताना त्याच्या केंद्राशी, वेटोळ्याच्या पातळीला लंब दिशेने, B_c = μ₀nI/(2a) टेस्ला क्षेत्र निर्माण होते. μ₀ ही निर्वाताची पर्मिएबिलिटी असून तिचे मूल्य 4π × 10⁻⁷ T m/A आहे. हे क्षेत्र धारेच्या व वेढ्यांच्या सम प्रमाणात आणि त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात असते.

‘वेटोळे चुंबकीय याम्योत्तरात ठेवल्याने B_c हे उपकरणाच्या जागी असलेल्या पृथ्वीच्या क्षेत्राच्या क्षितिजसमांतर घटकाला, B_H ला, काटकोनात असते. केंद्राशी असलेली लहान सूची या दोघांच्या एकत्रित दिशेला थांबते. तिने याम्योत्तराशी केलेला कोन θ असेल तर B_c = B_H tan θ. सूचीचे चुंबकत्व या संबंधात येत नाही. n, a ही उपकरणाची मापे आहेत, I आणि θ मोजायचे आहेत, B_H काढायचे आहे. I विरुद्ध tan θ या सरळ रेषेच्या s या चढावरून B_H = μ₀n/(2as). सूची लहान आहे, वेटोळे याम्योत्तरात आहे आणि जवळपास लोखंड वा अन्य धारा नाही, असे गृहीत धरले आहे.’

लिहून झाल्यावर एक तपासणी करावी. अहवालातली सर्व अक्षरे एका कागदावर उतरवावीत आणि प्रत्येकासमोर चार प्रश्नांची उत्तरे सिद्धांतातूनच शोधावीत. मग सूत्रे झाकून फक्त वाक्ये, हा प्रयोग न केलेल्या मित्राला वाचायला द्यावीत आणि विचारावे: वेढे ५० वरून ५०० केले आणि विचलन तेवढेच हवे असेल, तर धारा किती ठेवशील? ‘दहावा हिस्सा’ असे उत्तर आले, तर सूत्र शब्दांत नीट उतरले आहे. उत्तर अडले, तर ज्या वाक्यापाशी तो थांबला ते वाक्य पुन्हा लिहायचे.